थंडीत नीट चालणारा एक्स्टर्नल ड्राइव्ह मे महिन्यात कॉपी अर्धवट सोडून का जातो?

सोलापुरात लग्नसराई आणि उन्हाळा एकदमच येतात. बाहेर पारा 42-43 वर असतो आणि याच दिवसांत फोटोग्राफर, व्हिडिओवाले, एडिटिंग करणारे सगळे शेकडो जीबींचा डेटा लॅपटॉपवरून एक्स्टर्नल ड्राइव्हवर टाकत बसलेले असतात. मग एक तक्रार हमखास ऐकू येते: छोट्या फाइली झरझर जातात, पण मोठी कॉपी लावली की काही मिनिटांनी ड्राइव्ह गायब होतो. स्क्रीनवरून त्याचं नाव जातं, कॉपीची पट्टी लाल होते आणि हात लावून बघावा तर डबी चटका देते. केबल काढून पुन्हा लावली की कधी दिसतो, कधी नाही. दहा-पंधरा मिनिटांनी मात्र काही झालंच नव्हतं असा चालू.

बहुतेकांना वाटतं ड्राइव्ह मेला. पुष्कळदा तो मेलेला नसतो. आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते, एवढंच. इथे मी मुख्यतः एनव्हीएमई एसएसडी घातलेल्या छोट्या डबीबद्दल लिहितो आहे. च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती हिरवी किंवा काळी पाटी, वेगळ्या विकत घेतलेल्या डबीत बसवलेली. सध्या ही जोडणी सगळ्यात जास्त वापरात आहे आणि तापण्याचा त्रासही तिलाच सगळ्यात जास्त होतो.

## उष्णता येते कुठून

डबीत दोन गोष्टी तापतात. पहिली म्हणजे एसएसडी. तिच्यावर साठवणीच्या चिप असतात आणि त्यांचा कारभार बघणारी एक कंट्रोलर चिप असते. सलग लिहिताना यातली कंट्रोलर सर्वाधिक तापते. दुसरी म्हणजे ब्रिज चिप. एसएसडी आणि यूएसबी यांची भाषा वेगवेगळी असते. त्यांच्यामधली दुभाषी म्हणजे ही ब्रिज चिप. ती डबीच्या स्वतःच्या छोट्या सर्किटवर, बहुधा केबल लागते त्या टोकाला असते.

दोन्ही मिळून भरधाव कॉपी चालू असताना साधारण पाच ते आठ वॅट वीज खातात. आकडा लहान वाटतो, पण ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते आणि तीही खिशात मावणाऱ्या, बहुतेक वेळा पंखा नसलेल्या बंद डबीत.

## मग पहिली पाच मिनिटं ठीक कसं चालतं?

पाण्याचा हौद डोळ्यांसमोर आणा. वरून नळ चालू आहे आणि तळाला एक लहान भोक आहे. नळ म्हणजे कॉपीमुळे तयार होणारी उष्णता, भोक म्हणजे उष्णतेची बाहेर पडायची वाट आणि पाण्याची पातळी म्हणजे तापमान. सुरुवातीला पातळी कमी असते, म्हणून भोकातून पाणी हळू जातं आणि हौद भरत राहतो. पातळी वाढेल तसा भोकातला जोर वाढतो. शेवटी जेवढं येतं तेवढंच बाहेर जाऊ लागलं की पातळी थांबते. पाणी त्याआधीच काठापर्यंत आलं, तर ते सांडतं. ड्राइव्हचा संगणकाशी संबंध तुटतो तो त्या क्षणी.

दहा-वीस जीबीच्या कॉपीत हौद भरतच नाही. डबीच्या धातूला आणि चिपांना तापायलाच काही मिनिटं लागतात. म्हणून रोजच्या किरकोळ कामात दोष दिसत नाही आणि नेमक्या लग्नाच्या डेटाच्या वेळी उघडा पडतो.

आता सोलापूरच्या उन्हाळ्याचा हिशेब बघा. भोकातून किती पाणी जाईल हे आतल्या आणि बाहेरच्या पातळीतल्या फरकावर ठरतं. डबीचंही तसंच आहे. समजा तुमची डबी भरधाव कॉपीत खोलीच्या तापमानापेक्षा 40 अंशांनी वर चढते. जानेवारीत खोली 25 वर असेल तर चिप 65 वर थांबेल आणि काम पार पडेल. मे महिन्यात स्लॅबच्या खालची खोली संध्याकाळीही 39-40 वर असते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. पत्र्याखाली तर दुपारी विचारूच नका. मग तीच चिप 80 वर जायला निघते. ड्राइव्ह तोच आहे, काम तेच आहे. खोलीचं तापमान जेवढं वाढलं, तेवढंच्या तेवढं चिपच्या तापमानात जमा झालं.

## एसएसडी स्वतःला सांभाळते म्हणतात, मग तुटते कशी?

सांभाळते हे खरं आहे. एसएसडीत तापमान मोजायची सोय असते. ठरावीक मर्यादा आली की ती आपला वेग आपणच उतरवते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. बऱ्याच एसएसडींत ते 70 ते 85 अंशांच्या दरम्यान कुठेतरी सुरू होतं. थ्रॉटलिंग झालं तर कॉपी रेंगाळते, पण तुटत नाही.

बहुतेकांचा गोंधळ इथे होतो. आपण सॉफ्टवेअरमध्ये जे तापमान बघतो ते एसएसडीचं असतं, ब्रिज चिपचं नसतं. स्वस्त डब्यांमध्ये एसएसडीवर उष्णता वाहून नेणारा पॅड दिलेला असतो आणि ब्रिज चिप मात्र तशीच उघडी ठेवलेली असते. वर धातू नाही, पॅड नाही, आणि शेजारच्या एसएसडीची धगही तिलाच सोसावी लागते. ती तापून गडबडली की यूएसबीचा संबंधच तुटतो. संगणकाच्या दृष्टीने कुणीतरी केबल उपटली. म्हणून स्क्रीनवर 66-68 अंश दिसत असतानाही ड्राइव्ह गायब होतो आणि माणूस म्हणतो, "तापमान तर ठीक आहे, म्हणजे केबलच खराब."

## उष्णताच आहे, केबल नाही, हे ओळखायचं कसं

ओळखीतल्या एका व्हिडिओवाल्याचं उदाहरण सांगतो. तीन कॅमेऱ्यांचं मिळून 640 जीबी फुटेज लॅपटॉपवरून एक टीबीच्या एसएसडीवर जायचं होतं. संध्याकाळी त्याचा फोन आला, "ड्राइव्ह गेला बे, उद्या पार्टी येणार आहे." जाऊन बघितलं तेव्हा डबी गादीवर पसरलेल्या सोलापुरी चादरीवर पडली होती. जाड सुताची ती चादर उष्णता धरून ठेवते. पांघरायला तेच हवं असतं, पण तिच्यावर ठेवलेल्या डबीची खालची अख्खी बाजू बंद होते. खोली 39 अंशांवर होती.

कॉपी पुन्हा लावली. साधारण सहा मिनिटांनी, सव्वादोनशे जीबीच्या आसपास ड्राइव्ह गेला. लगेच पुन्हा जोडून लावली तर दोन मिनिटंही टिकला नाही. अर्धा तास थंड होऊ दिला, तर परत सहा मिनिटांच्या आसपास चालला. केबल बदलली तरी तीच वेळ. उष्णतेची खूण हीच: थंड असताना बराच वेळ टिकतो, गरम असताना लगेच पडतो आणि थांबलं की बरा होतो. केबल खराब असेल तर वेळेला काही धरबंद राहत नाही. ती हलवली, वाकवली की तुटते आणि पहिल्या मिनिटातही तुटते. वीज अपुरी पडत असेल, विशेषतः एका हबवर चार वस्तू लावलेल्या असतील, तर जोर लागताच म्हणजे सुरुवातीलाच पडतो. आणि ड्राइव्ह नुसता पडून असताना, काही चालू नसताना गायब होत असेल, तर वीज वाचवण्याच्या सेटिंगकडे बघा. उष्णतेचा तिथे संबंध नसतो.

विंडोजमध्ये याची नोंदही सापडते. Event Viewer उघडून Windows Logs मधल्या System मध्ये 157 क्रमांकाची नोंद शोधा. तिथे Disk 1 has been surprise removed अशा अर्थाची ओळ दिसते. ती कारण सांगत नाही, पण नेमकी वेळ सांगते. दोन-तीन वेळच्या नोंदी आणि कॉपी सुरू केल्याच्या वेळा शेजारी मांडल्या की चित्र स्पष्ट होतं.

तापमान बघायला CrystalDiskInfo पुरेसं आहे. जरा खोलात जायचं असेल तर smartctl वापरा. डबीतली ब्रिज चिप रियलटेकची असेल तर अशी आज्ञा द्यायची:

```
smartctl -a -d sntrealtek /dev/sdb
```

जेमायक्रॉनची चिप असेल तर sntjmicron आणि एएसमीडियाची असेल तर sntasmedia. शेवटचं sdb हे नाव तुमच्या संगणकावर वेगळं असू शकतं. उत्तरात Warning Comp. Temperature Time नावाची ओळ येते. एसएसडी आजवर किती मिनिटं धोक्याच्या पातळीवर होती ते ती सांगते. तिथे मोठा आकडा असेल तर एसएसडी खरंच तापते आहे. शून्य असेल आणि तरीही वर सांगितलेली वेळेची खूण जुळत असेल, तर संशय ब्रिज चिपवर घ्या. याची खात्री करायला एक छोटा पंखा फक्त केबलच्या टोकावर धरा. टिकण्याची वेळ वाढली की उत्तर मिळालं.

नुसता वेग कमी झाला म्हणजे तापलंच, असं मात्र धरू नका. एसएसडीत जलद लिहिण्यासाठी राखलेला एक भाग असतो. तो भरला की वेग धपकन खाली येतो. हे दर वेळी साधारण तेवढेच जीबी लिहून झाल्यावर होतं आणि पंखा लावला तरी होतं. त्यात दोष काही नाही.

## डबी उघडल्यावर काय बघायचं

त्या व्हिडिओवाल्याची डबी उघडली तेव्हा सगळा उलगडा झाला. एसएसडीवर पॅड होता, पण त्याच्या वरच्या बाजूचा पातळ पारदर्शक कागद काढलेलाच नव्हता. शिवाय पॅड पातळ होता, झाकणाला टेकतच नव्हता. आणि ब्रिज चिप अपेक्षेप्रमाणे उघडी.

पॅडचं काम एकच: चिप आणि धातूचं झाकण यांच्यामधली हवेची फट भरायची. हवा उष्णता फार वाईट वाहते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तरी सगळी मेहनत वाया जाते. पॅड 0.5, 1, 1.5 मिलिमीटर अशा जाडीत मिळतात. पॅड उष्णता किती वाहतो याचा पाकिटावरचा मोठ्ठा आकडा बघून भुलू नका, जाडी बरोबर असणं जास्त महत्त्वाचं आहे. पॅड किंचित दाबला जाईल एवढा हवा. फार जाड घेतला तर झाकण बसवताना एसएसडीची पाटी वाकते आणि ते तापण्यापेक्षा वाईट.

जाडी बरोबर आहे का हे तपासायची पद्धत सोपी आहे. पॅडच्या दोन्ही बाजूंचे कागद काढा, पॅड बसवा, झाकण लावून स्क्रू घट्ट करा आणि पुन्हा उघडा. पॅडवर चिपांच्या चौकोनांचा ठसा उमटलेला दिसला पाहिजे आणि झाकणाच्या आतल्या बाजूलाही तो चिकटलेला असला पाहिजे. ठसा नसेल तर पॅड टेकत नाही. मग एक पायरी जाड घ्या. एसएसडीवरचं कंपनीचं स्टिकर काढू नका, वॉरंटी जाते आणि फायदा नगण्य असतो. ब्रिज चिपसाठी पॅडचा नखाएवढा तुकडा कापायचा आणि तिच्यापासून झाकणापर्यंतची फट भरायची.

डबी प्लॅस्टिकची असेल तर पॅडला उष्णता सोपवायला जागाच नाही. अशा वेळी डबीच बदला, अॅल्युमिनियमची आणि शक्यतो बाहेरून खाचा असलेली घ्या.

इथे हमखास एक शंका येते: पॅड बसवल्यावर डबी बाहेरून जास्तच गरम लागते, मग बिघडलं का? उलट, सुधारलं. आतली उष्णता बाहेर यायला लागली म्हणून ती हाताला जाणवते. प्लॅस्टिकची डबी बाहेरून कोमट लागते आणि आत चिप भाजत असते. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, स्क्रीनवरचा आकडा बघा.

## हवा आणि वेग

डबी चादर, सतरंजी, टॉवेल, सोफा यांच्यावर ठेवू नका. लॅपटॉपच्या खाली किंवा त्याची गरम हवा बाहेर पडते त्या बाजूलाही नको. कडेवर उभी करता आली तर दोन्ही रुंद बाजू मोकळ्या होतात. घरात अॅल्युमिनियमचं पातेलं असेल तर ते पालथं घालून त्याच्या सपाट बुडावर डबी ठेवली तरी फरक पडतो. स्टीलच्या ताटाचा त्यामानाने उपयोग कमी, कारण स्टेनलेस स्टील अॅल्युमिनियमच्या मानाने उष्णता फारच कमी वाहतं.

सगळ्यात मोठा फरक मात्र पंख्याने पडतो. 80 किंवा 120 मिलिमीटरचा, यूएसबीवर चालणारा साधा पंखा डबीच्या रुंद बाजूवरून हवा जाईल असा ठेवा. स्थिर हवेत जी डबी खोलीपेक्षा 40 अंशांनी वर चढते, ती धातूची असेल आणि आत पॅड नीट बसलेला असेल तर झुळझुळ वाऱ्यातही ही वाढ निम्म्याच्या आसपास येऊ शकते. पंख्याला वीज वेगळ्या चार्जरवरून द्या, ड्राइव्हच्याच हबवरून नको. छताच्या पंख्यावर विसंबू नका. त्याचं वारं टेबलापर्यंत विखरून येतं, आणि वीज गेली की तेही थांबतं, लॅपटॉप मात्र बॅटरीवर कॉपी करतच राहतो.

एवढं करूनही भागत नसेल तर नळ कमी करा, म्हणजे वेग उतरवा. बऱ्याच लॅपटॉपना वेगवेगळ्या वेगाचे यूएसबी पोर्ट असतात. 10 गिगाबिटच्या पोर्टऐवजी 5 गिगाबिटच्या पोर्टला ड्राइव्ह लावला की वेग साधारण 420 एमबी प्रतिसेकंदावर येतो, आणि एसएसडी व ब्रिज चिप दोघींवरचा ताण कमी होतो. आमचे 640 जीबी या वेगाने सुमारे पंचवीस मिनिटांत जातात. लग्नाच्या डेटासाठी पंचवीस मिनिटं काहीच नाहीत. यूएसबी 2 च्या पोर्टला लावलात तर गरम होणार नाही, पण तेवढ्याच कामाला साडेचार-पाच तास जातील. तो शेवटचा उपाय.

त्या दिवशी आम्ही पॅड बदलला, ब्रिज चिपवर तुकडा लावला, डबी टेबलावर उभी केली, शेजारी पंखा ठेवला आणि 5 गिगाबिटचा पोर्ट वापरला. तापमान 58 पर्यंत चढून तिथेच थांबलं आणि कॉपी एका दमात पूर्ण झाली.

## फ्रिजमध्ये ठेवला तर?

नको. थंडगार ड्राइव्ह फ्रिजमधून बाहेर काढला की खोलीतल्या हवेतलं दव त्याच्यावर आणि त्याच्या आत धरतं. फ्रिजच्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तसंच. ओल्या सर्किटला वीज दिली की ड्राइव्ह खरंच मरतो. बर्फाची पिशवी आणि ओलं फडकं यांचंही तेच. तापलेला ड्राइव्ह नुसता पंख्याखाली ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत ताळ्यावर येतो.

एसी आणि कूलर मात्र चालतात. एसीने खोली 39 वरून 27 वर आणली की चिपचं तापमानही साधारण तेवढंच, म्हणजे 12 अंशांनी खाली येतं. सोलापूरची उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, म्हणून कूलरही छान काम करतो. कूलरची हवा दमट असली तरी ड्राइव्ह खोलीपेक्षा गरमच असतो, त्यामुळे त्याच्यावर दव धरत नाही. फक्त थेंब उडतात तिथे तो ठेवू नका.

## फिरत्या डिस्कचा जुना ड्राइव्ह असेल तर

त्याची वीज कमी, दोन-तीन वॅटच्या आसपास, आणि वेगही कमी, म्हणून तो हळूहळू तापतो. पण त्याची सहनशक्तीही कमी आहे. आतल्या डिस्कची मर्यादा सहसा 60 अंशांची असते आणि 50 च्या वर तासन्‌तास ठेवणं बरं नव्हे. त्याची डबी बहुधा उघडता येत नाही, तेव्हा पॅडचा प्रश्नच नाही. पंखा आणि मोकळी जागा, एवढंच हाती आहे. पंखा ड्राइव्हला टेकवू नका, त्याची थरथर आत पोहोचते. आणि चालू असताना तो उचलून "किती तापला" बघू नका, फिरत्या डिस्कला तो झटका महागात पडतो.

## कॉपी मधेच तुटली असेल तर

पहिलं म्हणजे कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका आणि मूळ फाइली कट-पेस्ट करू नका, कॉपीच करा. तुटण्याच्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती ती अर्धवट असते, आणि कधी तिचा आकार पूर्ण दिसतो पण आतला मजकूर पूर्ण नसतो. एक्स्टर्नल ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. अचानक तुटल्यावर सावरून घेण्याची सोय तिच्यात तोकडी आहे. म्हणून पुन्हा जोडल्यावर आधी Command Prompt हे Run as administrator ने उघडून त्या ड्राइव्हची तपासणी करा, E च्या जागी तुमच्या ड्राइव्हचं अक्षर घाला:

```
chkdsk E: /f
```

मग तुटण्याच्या वेळी चालू असलेली शेवटची एक-दोन फाइल ड्राइव्हवरून हाताने काढून टाका आणि उरलेलं काम robocopy ने करा:

```
robocopy D:\Lagna E:\Lagna /E /FFT /R:5 /W:60 /LOG:C:\Temp\copy.log
```

आकार आणि वेळ जुळणाऱ्या फाइली ती वगळते आणि राहिलेल्याच टाकते, म्हणून सव्वादोनशे जीबी पुन्हा लिहावे लागत नाहीत. /R:5 /W:60 चा अर्थ अडलं तर पाच वेळा प्रयत्न कर, प्रत्येकाआधी मिनिटभर थांब. C:\Temp हा फोल्डर आधी तयार असायला हवा. काम संपल्यावर copy.log उघडून शेवटच्या तक्त्यातला FAILED चा रकाना बघा. तिथे शून्य असेल तर ड्राइव्ह केबल काढून पुन्हा जोडा, प्रत्येक कॅमेऱ्याच्या दोन-तीन मोठ्या क्लिप थेट त्यावरूनच उघडून शेवटपर्यंत सरकवून बघा, आणि त्यानंतरच कार्ड रिकामं करा.